पाच मिनिटांचं पोलिंग, एक गिगाबिटचा पोर्ट आणि ११४ च्या वर न जाणारा आलेख

चांदणवेल

नमस्कार मंडळी. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नेटवर्क मॅनेजमेंटच्या टर्मवर्कसाठी एसएनएमपी वापरून कॉलेजच्या लॅबमधल्या स्विचचा ट्रॅफिक आलेख काढायचं काम घेतलंय. लॅबच्या लिनक्स मशीनवर नेट-एसएनएमपी टाकलं, स्विचवर एजंट चालू केला, आणि दर पाच मिनिटांनी पोर्ट १० चा ifInOctets वाचून वेग काढणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली.

दिवसा आलेख नीट दिसतो. रात्री लॅबच्या सर्व्हरवरून बॅकअप निघतो तेव्हा मात्र गडबड होते. कॉपी करणारा प्रोग्रॅम स्क्रीनवर सतत सेकंदाला ४८ मेगाबाइट दाखवत होता, म्हणजे ३८४ मेगाबिट. आलेखात त्याच वेळी ५७ मेगाबिट! कुठलीही रात्र घ्या, आलेख ११४ च्या वर गेलेलाच नाही. पोर्ट तर एक गिगाबिटचा आहे.

त्या रात्रीची दोन लागोपाठची वाचनं देते. मध्ये बरोबर ३०० सेकंद आहेत.

```
IF-MIB::ifInOctets.10 = Counter32: 2914370552
IF-MIB::ifInOctets.10 = Counter32: 755837768
```

दुसरा आकडा लहान आला की काउंटर शून्यावरून पुन्हा सुरू झाला असं धरून मी त्यात ४,२९,४९,६७,२९६ मिळवते आणि मग वजाबाकी करते. हे पुस्तकात वाचूनच केलंय. चूक नक्की कुठे आहे?

शून्यएक

दोन शक्यता वाटतात. एक, एसएनएमपी यूडीपीवर चालतं, पोर्ट १६१. बॅकअपच्या वेळी लाइन भरलेली असते, तेव्हा पॅकेट गळतात आणि आकडा कमी दिसतो. दुसरी, तू In वाचतेयस. सर्व्हर डेटा पाठवतोय, मग Out वाचायला हवं.

ऊसमळा

आमच्या कारखान्यातल्या नेटवर्कचं बघायला मी एकटाच आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. या पोलिंगच्या भानगडीत पडूच नका. स्विचवर ट्रॅप लावा. काही बिघडलं की स्विच आपण होऊन मॅनेजरला पोर्ट १६२ वर कळवतो. दर पाच मिनिटांनी विचारत बसायची गरजच राहत नाही.

रातपाळी

चांदणवेल, तुमची दोन वाचनं एवढी नेमकी आहेत की उत्तर त्यांच्यातूनच निघतं. पण आधी वरच्या प्रतिसादांबद्दल.

शून्यएक, यूडीपी पॅकेट गळतं हे खरं, पण त्याने आकडा कमी होत नाही. ifInOctets हा वेग नसतो. स्विच सुरू झाल्यापासून त्या पोर्टवर किती बाइट आत आले याची ती चढती बेरीज असते, घरातल्या विजेच्या मीटरसारखी. मीटर वाचणारा एका महिन्यात आला नाही म्हणून युनिटं हरवत नाहीत, पुढच्या वाचनात ती येतातच. पोल हरवला तर आलेखात एक ठिपका कमी होईल, एवढंच. आणि In-Out स्विचच्या बाजूने मोजायचं असतं. सर्व्हरने पाठवलेलं स्विचच्या पोर्टमध्ये आत येतं, तेव्हा In बरोबर आहे.

आता हिशेब. तुमच्या स्क्रिप्टने केलं ते असं:

```
755837768 + 4294967296 - 2914370552 = 2136434512
2136434512 * 8 / 300 = 56971587
```

म्हणजे ५६.९७ मेगाबिट. गणित बिनचूक आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की ३०० सेकंदांत काउंटर एकदाच शून्यावर आला. ३२ बिटांचा काउंटर ४२९ कोटींच्या पुढे जाऊच शकत नाही. एक गिगाबिटचा पोर्ट भरून चालला तर सेकंदाला साडेबारा कोटी बाइट जातात, आणि अख्खा काउंटर ३४ सेकंदांत फिरतो. तुम्ही पाच मिनिटांनी येऊन काटा कुठे आहे ते बघता. मधल्या वेळात त्याने किती फेऱ्या मारल्या हे त्या काट्यावर लिहिलेलं नसतं.

पाच मिनिटांत एक फेरी म्हणजे ११४.५ मेगाबिट. त्यामुळे खरा वेग ५६.९७ असू शकतो, १७१.५ असू शकतो, २८६, ४००.६, ५१५... गिगाबिटच्या आत अशी नऊ उत्तरं बसतात आणि नऊच्या नऊ तुमच्या दोन वाचनांशी जुळतात. तुमचा आलेख ११४ च्या वर का जात नाही, याचंही कारण हेच. एकाच फेरीचं गणित करणाऱ्या स्क्रिप्टला त्याहून मोठं उत्तर काढताच येत नाही.

नऊपैकी खरं कोणतं? कॉपी प्रोग्रॅम ३८४ म्हणतोय. तो फक्त फाइलचे बाइट मोजतो. स्विच टीसीपी, आयपी आणि इथरनेटची हेडरंही मोजतो, मोठ्या पॅकेटांवर ती सुमारे चार टक्के होतात. ३८४ वर चार टक्के चढवले की ४०० च्या आसपास येतं. तेव्हा खरा वेग ४००.६. काउंटर चार वेळा शून्यावरून गेला, तुम्ही एकदाच धरलं, तीन फेऱ्या सुटल्या.

शून्यएक

मीटरचं पटलं, धन्यवाद. मग उपाय सोपा आहे. पाच मिनिटांऐवजी दर मिनिटाला वाच. ४०० मेगाबिटला एक फेरी ८६ सेकंदांत होते, ६० सेकंदांत एकाहून जास्त फेरी होणारच नाही.

रातपाळी

या बॅकअपपुरतं बरोबर. पण मिनिटाच्या पोलिंगची कमाल मर्यादा ५७२ मेगाबिट. उद्या सर्व्हरला जलद डिस्क बसली आणि बॅकअप ९०० ने निघाला, तर आलेख ३२७ दाखवेल. मला यातलं सगळ्यात वाईट हे वाटतं की ३२७ हा आकडा अगदी खरा दिसतो. शून्य किंवा ऋण आलं असतं तर कोणी चौकशी तरी केली असती.

योग्य उपाय म्हणजे ६४ बिटांचा काउंटर वाचणं. त्याच एमआयबीत ifXTable नावाचं पुढचं टेबल आहे, त्यात ifHCInOctets सापडेल. आरएफसी २८६३ मध्ये नियमच दिलाय: २० मेगाबिटपर्यंतच्या इंटरफेसला ३२ बिट चालतात, त्याहून जलद असेल तर बाइट मोजायला ६४ बिटांचे काउंटर हवेतच. १० गिगाबिटचा पोर्ट सतत भरून चालला तरी ६४ बिटांची एक फेरी व्हायला साडेचारशेहून जास्त वर्षं लागतील.

चांदणवेल

रातपाळीदादा, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. ४००.६ चा हिशेब वहीत पुन्हा करून पाहिला, जुळतो.

पण ifHCInOctets आमच्या स्विचमध्ये नाहीच. हे बघा:

```
$ snmpget -v1 -c labread 192.0.2.10 IF-MIB::ifHCInOctets.10
Error in packet
Reason: (noSuchName) There is no such variable name in this MIB.
Failed object: IF-MIB::ifHCInOctets.10
```

snmpwalk करूनही पाहिलं, त्या टेबलातलं बाकी सगळं येतं, HC वाल्या ओळी तेवढ्या गायब. स्विच जुना असेल का? की त्यात एमआयबी भरायची राहिली आहे?

टाकसाळ

माझाही हाच प्रश्न होता. स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून एमआयबीची झिप फाइल उतरवली, पण ती स्विचमध्ये अपलोड कुठून करायची ते मेनूत कुठेच नाही. टीएफटीपीने टाकायची असते का?

रातपाळी

टाकसाळ, स्विचमध्ये काहीही टाकायचं नाही. एजंटच्या आत फक्त आकड्यांचा पत्ता असतो. त्याला ifInOctets हे नाव माहीतच नसतं, 1.3.6.1.2.1.2.2.1.10 एवढंच कळतं. त्या पत्त्यावर काय ठेवायचं, त्याचा प्रकार कोणता, ते वाचता येतं की बदलताही येतं, हे ठरवून लिहिलेला करार म्हणजे एमआयबी. एजंट लिहिणाऱ्याने तो करार वाचून कोड लिहिलेला असतो. तुम्ही उतरवलेली फाइल मॅनेजरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे स्क्रीनवर आकड्यांऐवजी नावं दिसतात. फाइल नसली तरी आकड्यांचा पत्ता देऊन सगळं वाचता येतं. आणि फाइल असली म्हणून एजंटने ते सगळं पुरवलेलं असतंच असं नाही. उबंटू किंवा डेबियनवर मुळात नावंच दिसत नसतील तर snmp-mibs-downloader हे पॅकेज टाका आणि /etc/snmp/snmp.conf मधल्या `mibs :` या ओळीच्या आधी # लावा.

चांदणवेल, स्विचचा दोष नाही. तुमच्या कमांडमध्ये -v1 आहे. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिटांच्या काउंटरचा प्रकारच नाही. v1 ने विचारलं की एजंटला तो आकडा उत्तरात घालायला जागाच नसते, म्हणून तो "असं नाव नाही" म्हणतो. walk मध्ये तर त्या ओळी निमूटपणे ओलांडून पुढे जातो, तुम्हाला दिसल्या नाहीत त्या यामुळेच. -v1 च्या जागी -v2c घाला.

चांदणवेल

आलं!!

```
IF-MIB::ifHCInOctets.10 = Counter64: 66181353478
```

लॅब मॅन्युअलमधल्या सगळ्या कमांड -v1 ने आहेत, मी तशाच उचलल्या होत्या. आज रात्री नव्या काउंटरने आलेख काढते.

खडूफळा

हा विषय मी बरीच वर्षं शिकवला आहे, म्हणून थोडं लिहिते. वर "चूक कुठे आहे" असा प्रश्न आहे. मुलं नेहमी विचारतात, "मॅडम, स्विचने सरळ वेगच का नाही सांगायचा? वजाबाकी आपण का करायची?"

एसएनएमपीचा पाया यातच आहे. १९९० च्या आरएफसी ११५७ मध्ये उद्देश लिहिताना म्हटलंय की एजंटकडे कामं कमीत कमी आणि सोपी ठेवायची. राउटरचं काम पॅकेट पुढे ढकलणं, त्याच्या तुटपुंज्या प्रोसेसरवर व्यवस्थापनाचा भार नको. म्हणून एजंट फक्त मोजतो, आणि विचारलं तर आकडा देतो. किती वेळाने विचारायचं, दोन आकड्यांचा अर्थ काय, हे सगळं मॅनेजरच्या गळ्यात. यात सोयही आहे. दोन मॅनेजर एकाच एजंटला वेगवेगळ्या अंतराने विचारू शकतात, एकाने वाचलं म्हणून दुसऱ्याचा काउंटर शून्य होत नाही.

आणि त्या काळचं इथरनेट १० मेगाबिटचं होतं. त्यावर ३२ बिटांची एक फेरी व्हायला ५७ मिनिटं लागत. पाच मिनिटांनी वाचणाऱ्याला अकरा-बारा वाचनं मिळायची, फेरी सुटायचा प्रश्नच नव्हता. १०० मेगाबिट आलं आणि फेरी पावणेसहा मिनिटांवर आली. पाच मिनिटांची सवय तिथे जेमतेम बसते. गिगाबिटवर ती बसत नाही, पण सवय तशीच राहिली.

पेपरात मॅनेजर आणि एजंट यांच्यातला फरक विचारला की मुलं दोन चौकोन काढून बाण दाखवतात. त्याखाली हे दोन आकड्यांचं उदाहरण सोडवून दाखवलं, तर मी पूर्ण गुण देईन.

ऊसमळा

सगळं वाचलं. माझ्या ट्रॅपच्या सल्ल्याला कोणी उत्तर दिलं नाही. पोलिंगला एवढ्या अडचणी असतील तर ट्रॅपच बरा, नाही का?

रातपाळी

माफ करा, राहून गेलं. ट्रॅप घटना सांगतो: पोर्ट पडला, पोर्ट उठला, स्विच पुन्हा सुरू झाला. रात्रभरात किती बाइट गेले हे त्याच्यातून मिळत नाही, आणि धाग्याचा प्रश्न तोच आहे. तुमच्याकडे ट्रॅपवर एकदाही अडलं नाही का? मुख्य दुवा तुटल्यावर वगैरे?

ऊसमळा

आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मागच्या गळीत हंगामात वजनकाट्याच्या केबिनचा स्विच दोन तास बंद होता. ऊस घेऊन आलेल्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली, तेव्हा मला फोनवरून कळलं. ट्रॅप आलाच नव्हता. मला वाटलं होतं सेटिंगमध्ये काही राहिलं असेल.

रातपाळी

सेटिंग बहुधा बरोबरच असेल. केबिनपर्यंत एकच फायबर असेल आणि तीच तुटली असेल, तर "फायबर तुटली" हा निरोप त्याच फायबरवरून यायचा होता. वीज गेली असेल तर निरोप पाठवायला स्विचच जागा नव्हता. साध्या ट्रॅपला पोचही नसते, पाठवला की पाठवणारा मोकळा. v2c पासूनच्या इन्फॉर्मला पोच मागता येते, पोच आली नाही तर तो पुन्हा पाठवतो. तरी रस्ताच नसेल तर तोही काय करणार? अशा ठिकाणी मॅनेजरने मिनिटा-दोन मिनिटांनी विचारणं आणि लागोपाठ तीन वेळा उत्तर आलं नाही की आरडाओरडा करणं, हाच भरवशाचा मार्ग. तुम्ही ट्रॅप काढू नका, त्याच्या जोडीला पोलिंग ठेवा.

ऊसमळा

एकच फायबर आहे, बरोबर ओळखलंत. हंगाम सुरू व्हायच्या आत लावून घेतो.

चांदणवेल

आठवड्याने परत आले. बॅकअपच्या रात्री आता ४०० च्या आसपास सरळ पठार दिसतं. पण गुरुवारी लॅबची वीज गेली, स्विच पुन्हा सुरू झाला, आणि आलेखात त्या ठिकाणी ४९ कोटी गिगाबिटचा सुळका आलाय! बाकी सगळा आठवडा त्याच्याखाली सपाट रेघ झालाय. फेरीसाठी मी आता २ चा ६४ वा घात मिळवते, बाकी स्क्रिप्ट तीच.

शून्यएक

हे मी सांगू शकतो, आरआरडीटूलमध्ये हेच भोगलंय. स्विच सुरू झाल्यावर काउंटर शून्यापासून मोजतो. नवा आकडा लहान, म्हणून तुझी स्क्रिप्ट समजते की फेरी झाली. मी डेटा सोर्सचा प्रकार COUNTER ऐवजी DERIVE केला आणि किमान मर्यादा 0 दिली. वजाबाकी ऋण आली की ते वाचन टाकून देतं.

रातपाळी

पूर्ण सहमत. ६४ बिटांवर खरी फेरी तुमच्या-आमच्या हयातीत होणार नाही, तेव्हा आकडा कमी झाला म्हणजे तो नव्याने सुरू झाला असंच समजायचं. मिळवणं काढून टाका.

पण एक फट राहते. स्विच पुन्हा सुरू झाल्यावर पाच मिनिटांत काउंटर जुन्या आकड्याच्या पुढे गेला, तर वजाबाकी धनच येईल आणि चूक कळणार नाही. म्हणून sysUpTime त्याच विनंतीत वाचा:

```
snmpget -v2c -c labread 192.0.2.10 \
  SNMPv2-MIB::sysUpTime.0 IF-MIB::ifHCInOctets.10
```

दोन्ही एकाच उत्तरात आले म्हणजे एकाच क्षणाचे. अपटाइम मागच्या वेळेपेक्षा कमी आला की ते वाचन सोडा. एक ठिपका जाईल, जाऊ दे. शिवाय भागाकारात ३०० लिहू नका, दोन अपटाइममधला फरक घ्या. तो सेकंदाच्या शंभराव्या भागांत असतो, म्हणून १०० ने भागा. तुमचा क्रॉन चार सेकंद उशिरा चालला तरी वेग बिघडणार नाही.

खडूफळा

एक दुरुस्ती सुचवते. sysUpTime हा यंत्राचा नव्हे, त्यातल्या व्यवस्थापनाच्या भागाचा अपटाइम असतो. लिनक्सवर नुसता snmpd पुन्हा सुरू केला तरी तो शून्यावर येतो, इंटरफेसचे काउंटर मात्र चालूच असतात. आणि तो स्वतःही ३२ बिटांचा आहे, ४९७ दिवसांनी फिरतो. काउंटरमध्ये खरंच खंड पडला का हे सांगायला त्याच टेबलात ifCounterDiscontinuityTime दिलेला आहे.

रातपाळी

मॅडम, दोन्ही मुद्दे मान्य. कराराप्रमाणे तोच वाचायला हवा. पण मी हाताळलेल्या बऱ्याच स्विचांवर तो कायम शून्यच दाखवतो, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबायला मन धजत नाही. sysUpTime चुकला तर एखादं चांगलं वाचन वाया जातं, खोटा आकडा आत येत नाही. मला तो तोटा परवडतो.

खडूफळा

तो शून्य दाखवतो याचा अर्थ "सुरू झाल्यापासून खंड नाही" असाही होतो. एजंटने तो भाग नीट लिहिला आहे की नाही, हे त्या शून्यावरून ठरवता येत नाही. मी दोन्ही वाचले असते.

चांदणवेल

दोन्ही वाचतेय. सुळका गेला.

आता शेवटचं एक. सरांना दाखवायला म्हणून आज दर १० सेकंदांनी वाचून पाहिलं, तर आलेख करवतीसारखा येतोय. कॉपी एका वेगाने चाललीय, तरी दोन वाचनं अगदी सारखी येतात, म्हणजे वेग शून्य, आणि तिसऱ्याला एकदम तिप्पट. यूडीपीचं पॅकेट हरवलं म्हणावं तर तीनही उत्तरं आलेली आहेत.

शून्यएक

एजंट बिझी असेल. वेळ वाढवून बघ.

रातपाळी

उत्तरं वेळेवर येत असतील तर एजंट अडलेला नाही. मला वाटतं हार्डवेअरमधल्या चिपचे आकडे एजंट ठरावीक वेळानेच उचलतो आणि मधल्या वेळात जुनाच आकडा देतो. दोन सारखी आणि तिसऱ्याला उडी, म्हणजे तो काळ ३० सेकंदांच्या जवळपास असावा. खात्री करायची तर ifHCInOctets दर सेकंदाला वाचा आणि आकडा कोणत्या सेकंदाला बदलतो ते दोन-तीन मिनिटं लिहून ठेवा. उड्या समान अंतराने आल्या तर तेच कारण. मग त्या स्विचला त्याहून भराभर विचारण्यात काही हाशील नाही. अंतर विषम आलं तर मात्र दुसरं काही आहे, मग स्विचचा प्रोसेसर किती भरलाय तेही बघावं लागेल.

चांदणवेल

लॅब आता बंद झाली. सोमवारी सेकंदा-सेकंदाची वाचनं काढून इथेच टाकते.